फोटोत टेबल होतं, अडॅप्टर होता, बॉक्समध्ये नव्हतं: विक्रेत्याला तक्रार कशी लिहायची?

वाचकाचं पत्र

ताई नमस्कार, मी बार्शीची. घरी फॉल-पिको आणि उशांचे अभ्रे शिवून देते. मोठं मशीन जुनं झालंय म्हणून ऑनलाइन छोटं शिलाई मशीन मागवलं, 1,899 रुपये. फोटोत मशीनसोबत पांढरं एक्स्टेन्शन टेबल, पायाचं पॅडल, अडॅप्टर आणि दोऱ्यांचा डबा होता. बॉक्समधून निघालं फक्त मशीन, पॅडल आणि एक बॉबीन. सेलवर एक अभ्रा शिवून बघितला, पण दुमड आली की मशीन अडतं. अ‍ॅपमध्ये ‘वस्तू कमी आली’ म्हणून तक्रार टाकली, दुसऱ्या दिवशी बंद केली, म्हणे काहीही कमी नाही. मग विक्रेत्याला मेसेज केला की तुम्ही लोकांना फसवता, चोर आहात, पोलिसात जाईन. त्यावर उत्तर आलं, ‘फोटो केवळ सादरीकरणासाठी आहे.’ मुलगी म्हणते अ‍ॅपने सात दिवसांत परत करा असं म्हटलंय, आई सोडून दे. पण दोन हजार म्हणजे माझी किती दिवसांची शिलाई झाली. पत्र कसं लिहू सांगाल का? स्क्रीनशॉट सोबत पाठवतेय.

उत्तर

सोडू नका. तुमचे स्क्रीनशॉट मी दोनदा बघितले आणि माझ्या मते तुमची बाजू चांगली भक्कम आहे, फक्त ती अजून कुणापुढे नीट मांडली गेलेली नाही.

आधी ती पहिली तक्रार का बंद झाली ते सांगते कारण इथेच बहुतेक जण अडकतात. अ‍ॅपमध्ये कारण निवडायची जी यादी येते त्यात ‘वस्तू कमी आली’ आणि ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ ही दोन कारणं अगदी शेजारी शेजारी असतात, आपल्याला वाटतं एकच आहे, पण तपासणारा माणूस दोन्हीकडे वेगळं बघतो. ‘कमी आली’ म्हटलं की तो बघणार विक्रेत्याने बॉक्समध्ये काय भरतो म्हणून लिहून दिलंय. तिथे तुमच्या विक्रेत्याने लिहिलंय ‘1 मशीन’. मशीन मिळालं का? मिळालं. मग कमी काय? तक्रार बंद. त्याच्या बाजूने तो चूकही नाही, कारण तुम्ही जो प्रश्न विचारला त्याचंच उत्तर त्याने दिलं. तुमची तक्रार खरं तर अशी आहे की पानावर जे दाखवलं ते आणि जे घरी आलं ते जुळत नाही, म्हणजे ‘वर्णनाप्रमाणे नाही’. तेव्हा आता परत तक्रार टाकताना हेच कारण निवडा, आणि आधीच्या तक्रारीचा नंबर त्यात लिहा म्हणजे तुम्ही मुदतीतच बोलला होतात हे दिसेल.

आता ते ‘फोटो केवळ सादरीकरणासाठी’ प्रकरण. हे वाक्य विक्रेते सगळीकडे चिकटवतात आणि आपण गप्प बसतो, पण त्याला मर्यादा आहे. तुमच्याच पानावरचा पहिला फोटो घ्या. मशीन एका लाकडी टेबलावर आहे, मागे फुलदाणी आहे, बाजूला अर्धवट शिवलेला निळा फ्रॉक आहे. फ्रॉक आला नाही म्हणून तुम्ही तक्रार केली असती तर मीच म्हटलं असतं की असं कसं, तो सजावटीचा भाग आहे, कुणालाही कळतं. पण तुमचा पाचवा फोटो बघा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकेक वस्तू सुटी मांडलीय, प्रत्येकीला बाण काढलाय आणि बाणाच्या टोकाला नाव लिहिलंय, एक्स्टेन्शन टेबल, फूट पॅडल, अडॅप्टर, थ्रेड बॉक्स. हा फोटो सजावट नाही हो, ही यादीच आहे, फक्त चित्रात काढलेली. असा फोटो बघून कुठलाही शहाणा माणूस एवढं सगळं मिळणार असंच समजणार. आणि त्या चारातलं पॅडल खरोखर आलं ना? मग त्याच फोटोतली एक वस्तू खरी आणि बाकी तीन सादरीकरणासाठी हे विक्रेत्याने कुठल्या नियमाने ठरवलं? हा प्रश्न पत्रात जसाच्या तसा टाका, याचं उत्तर देणं त्याला अवघड जाणार आहे.

दुसरा पुरावा तुमच्या हातात आहे आणि तुम्हाला बहुतेक माहीतही नाही. ऑर्डरचं जे बिल येतं, टॅक्स इन्व्हॉइस, ते डाउनलोड करा. त्यावर वस्तूचं पूर्ण नाव छापलेलं असतं, विकताना पानावर जे मोठं लांबलचक शीर्षक होतं तेच बहुतेक वेळा. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये शीर्षक ‘मिनी शिलाई मशीन विथ टेबल सेट’ असं दिसतंय. बिलावरही ‘विथ टेबल’ हे शब्द असले तर काम निम्मं झालं, कारण पान विक्रेता कधीही बदलू शकतो, फोटो काढून टाकू शकतो, पण तुम्हाला दिलेलं बिल त्याला बदलता येत नाही.

मात्र एक गोष्ट आधी तपासा, आणि प्रामाणिकपणे तपासा. अशा मशीनच्या पानावर बरेचदा दोन-तीन पर्याय असतात, टेबलसकट आणि टेबलशिवाय, आणि फोटो मात्र सगळ्या पर्यायांना महागड्या सेटचेच लावलेले असतात. तुमच्या ऑर्डरच्या तपशिलात कुठला पर्याय लिहिलाय? ‘टेबलशिवाय’ असं स्पष्ट लिहिलेला पर्याय तुमच्याकडून दाबला गेला असेल तर टेबलाची मागणी टिकणार नाही, तेव्हा ती सोडा आणि फक्त अडॅप्टर आणि दोऱ्यांच्या डब्यावर बोला. वर्णनात कुठे ‘अडॅप्टर सोबत नाही’ असं ठळक लिहिलेलं असेल तर तीही बाजू कमजोर होते. मी हे घाबरवायला सांगत नाहीये, पण पत्रात एखादी चुकीची मागणी घुसली की समोरचा तेवढीच पकडून बाकीचं सगळं फेटाळतो.

आजच्या आज करायचं काम म्हणजे पान जपून ठेवणं. सुटे स्क्रीनशॉट आहेत ते छान, पण मुलीला सांगा फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू कर, आणि मग ‘माझ्या ऑर्डर्स’मधून तुमची ऑर्डर उघडायची, तिच्यावरच बोट ठेवून वस्तूच्या पानावर जायचं, सगळे फोटो एकेक करत सरकवायचे, खाली वर्णनापर्यंत जायचं, विक्रेत्याचं नाव दाबून त्याचा पत्ता दाखवायचा आणि मग बंद करायचं. दोन मिनिटांचं काम आहे. याने काय होतं, हे पान याच ऑर्डरचं आहे हे सलग दिसतं, नाहीतर नुसत्या स्क्रीनशॉटवर ते म्हणू शकतात की हे दुसऱ्याच कुणाच्या दुकानाचं पान आहे. शिवाय बॉक्समधून जे निघालं ते सगळं एका चादरीवर मांडून एक फोटो काढा, बाजूला बॉक्सवरचं लेबल दिसू दे, ज्यावर ऑर्डरचा नंबर आणि आत किती नग आहेत ते छापलेलं असतं.

आणि बॉक्स टाकू नका! थर्माकोल, प्लास्टिकची पिशवी, सगळं ठेवा. मी स्वतः एकदा इडलीचं भांडं मागवलं होतं, फोटोत चार ताटल्या आणि आल्या दोन, परत न्यायला माणूस आला तेव्हा मी खोका रद्दीत दिलेला होता आणि त्याने मूळ पॅकिंग नाही म्हणून वस्तू घेतलीच नाही. सगळं बरोबर असून तेवढ्यावरून माझं काम दीड महिना लांबलं.

आता कायद्याचं थोडं, कारण पत्रात दोनच ओळी कायद्याच्या असल्या तरी वाचणाऱ्याचा सूर बदलतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे, आणि त्याच्याखाली 2020 साली ऑनलाइन खरेदीसाठी वेगळे नियम आले, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम. त्यातला नियम 6 विक्रेत्यांसाठी आहे. जाहिरातीत जी वैशिष्ट्यं दाखवली तशी वस्तू नसेल तर विक्रेत्याला वस्तू परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही, असं तो म्हणतो. नियम 5 अ‍ॅपवाल्या कंपनीसाठी आहे. तिने विक्रेत्यांकडून हमी लिहून घ्यायची असते की वर्णन आणि फोटो खरे आहेत आणि प्रत्यक्ष वस्तूशी जुळतात. लक्षात घ्या, नियमात फोटोचा वेगळा उल्लेख आहे, फक्त लिहिलेल्या मजकुराचा नाही. म्हणूनच ‘फोटो सादरीकरणासाठी’ एवढं म्हणून सुटता येत नाही. आणि नियम 4 प्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क अ‍ॅपवर द्यावा लागतो, त्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची.

यावरून पत्र कुणाला जायला हवं ते कळेल. तुम्ही विक्रेत्याच्या चॅटमध्ये लिहिलंत, ते तिथेच राहिलं. आता विक्रेत्याला लिहा आणि त्याच पत्राची प्रत त्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचा पत्ता अ‍ॅपमध्ये अगदी तळाशी, अटी-शर्तींच्या आसपास असतो. गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधू नका, तिथे खोटे नंबर भरपूर असतात, रिफंड देतो म्हणून ओटीपी मागतात आणि उरलेले पैसेही जातात.

चोर, फसवणूक, पोलीस हे शब्द मात्र काढा. तुमचा राग मला समजतो, घाम गाळून मिळवलेला पैसा आहे. पण असं लिहिलं की समोरची व्यक्ती, जी बहुतेक महिना पगारावर चॅट सांभाळणारी कुणीतरी मुलगी असते, ती तुमच्या आरोपाला उत्तर देत बसते आणि टेबलाचं राहूनच जातं. शिवाय मागणी एकच ठेवा. तुमच्या मेसेजमध्ये टेबल पाठवा, नाहीतर पैसे द्या, नाहीतर कारवाई करते असं तीनही होतं, आणि तीन मागण्या दिसल्या की त्यांना सगळ्यात स्वस्त पडेल तेच ते देतात, शंभर-दीडशेचं कूपन वगैरे, आणि ते तुम्ही घेतलंत की तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद. मला तरी पूर्ण पैसे परत मागणं बरं वाटतं, कारण अडॅप्टर नसताना हे मशीन तुमच्या कामाचं नाहीच. सेलवर ते चालतं पण अभ्र्याची दुमड आली की अडतं, हे तुम्हीच लिहिलंय. रोजच्या शिलाईला दर दोन दिवसांनी चार सेल कोण घालणार.

खाली मी पत्र लिहून देते. मराठीत आहे, पण वाक्यं मुद्दाम आखूड ठेवलीत, मुलीकडून हिंदीत किंवा इंग्रजीत करून घ्या, कारण वाचणारा माणूस बहुतेक परराज्यात बसलेला असेल. रिकाम्या जागी तुमचे तपशील भरा.

*विषय: ऑर्डर क्र. ______, वस्तू पानावरच्या फोटो आणि शीर्षकाप्रमाणे नाही, वस्तू परत घेऊन 1,899 रुपये परत करणेबाबत*

*मी दि. ______ रोजी वरील ऑर्डर दिली आणि दि. ______ रोजी ती मिळाली. बिल क्र. ______ सोबत जोडले आहे.*

*वस्तूच्या पानावरील फोटो क्र. 5 मध्ये चार वस्तू बाण आणि नावांसह दाखवल्या आहेत: एक्स्टेन्शन टेबल, फूट पॅडल, अडॅप्टर, थ्रेड बॉक्स. शीर्षकात ‘विथ टेबल सेट’ असे शब्द आहेत. मला मशीन, फूट पॅडल आणि एक बॉबीन मिळाली. एक्स्टेन्शन टेबल, अडॅप्टर आणि थ्रेड बॉक्स मिळाले नाहीत. मिळालेल्या वस्तूंचा फोटो, पानाचे स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग सोबत आहे.*

*दि. ______ रोजी मी तक्रार क्र. ______ नोंदवली होती, ती ‘वस्तू कमी नाही’ म्हणून बंद झाली. माझी तक्रार वस्तू पानावरील वर्णनाप्रमाणे नसल्याची आहे. दि. ______ रोजी आपण ‘फोटो केवळ सादरीकरणासाठी’ असे कळवलेत. त्याच फोटोतील फूट पॅडल मला मिळाले आहे. त्यामुळे त्यातील कोणती वस्तू खरी आणि कोणती सादरीकरणासाठी, हे ग्राहकाने कसे ओळखावे, ते कृपया कळवावे.*

*ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मधील नियम 6 नुसार, जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास किंवा रक्कम परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तरी या पत्रापासून 7 दिवसांच्या आत वस्तू परत नेण्याची व्यवस्था करावी आणि 1,899 रुपये मूळ खात्यात परत करावेत. वस्तू मूळ पॅकिंगसह तयार ठेवली आहे.*

*प्रत: तक्रार निवारण अधिकारी. कृपया 48 तासांत पोच आणि तक्रार क्रमांक द्यावा.*

एवढंच. सहीखाली नाव आणि ऑर्डरला दिलेला मोबाइल नंबर, दुसरं काही नाही. बँकेचे तपशील लिहू नका, पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने परत येऊ द्या. कॅश ऑन डिलिव्हरी केलं असेल तर खाते नंबर फक्त अ‍ॅपच्या रिफंडच्या पानावरच भरायचा, फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

पत्रातलं ‘मूळ पॅकिंगसह तयार’ हे खरं असायला हवं हं. तुम्ही लिहिलंय की एक अभ्रा शिवून बघितला, तेवढं चालतं, तपासायला चालवणारच ना कुणीही. पण आता थांबा. आणि घरात पडलेला दुसरा कुठला अडॅप्टर लावून बघू नका, अगदी पिन बसत असली तरी. मशीनच्या सॉकेटजवळ किती व्होल्टचा लागतो ते छापलेलं असतं, अशी छोटी मशीनं साधारण 6 व्होल्टवर चालतात, आणि सेट-टॉप बॉक्सचा किंवा वायफायचा 12 व्होल्टचा लावला तर मोटर जळू शकते. मग वस्तू वर्णनाप्रमाणे नाही हा तुमचा मुद्दा बाजूला पडेल आणि वस्तू ग्राहकाने बिघडवली हा त्यांचा मुद्दा उभा राहील.

सात दिवसांत उत्तर आलं नाही किंवा परत तेच सादरीकरणाचं वाक्य आलं, तर 1915 ला फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. फोनवर बोलायला नको वाटत असेल तर consumerhelpline.gov.in वर तक्रार टाकता येते, हेच पत्र आणि पुरावे तिथे लावा. हे लोक निकाल देत नाहीत, ते कंपनीपर्यंत तक्रार पोचवून उत्तर मागतात. पण बऱ्याच मोठ्या कंपन्या त्यांच्याशी जोडलेल्या आहेत आणि दोन हजारांच्या प्रकरणात तिथपर्यंत गेलं की कंपनीला पैसे देऊन मोकळं होणं सोपं वाटतं.

त्यानेही नाही झालं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. विक्रेता परराज्यात असला तरी चालतं, 2019 च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करायची मुभा दिलीय, ती नसती तर बार्शीहून उठून कुठे कुठे गेला असता तुम्ही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते आणि दोन वर्षांची मुदत असते. पण तिथे वेळ लागतो हे आधीच मनात धरून जा. मला वाटतं तुमचं प्रकरण तिथपर्यंत जाणार नाही.

मुलीला एवढं सांगा की अ‍ॅपने सात दिवसांत परत करा असं म्हटलंय ती अ‍ॅपची अट आहे. मी वर सांगितलेल्या नियम 6 मध्ये सात दिवस असं काही लिहिलेलं नाही. त्यामुळे ती मुदत उलटली म्हणून ‘आता काही होत नाही’ असं कुणी चॅटवर म्हणालं तर तिथे थांबू नका, लगेच तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. पण उशीर मुद्दाम करू नका, आज-उद्यातच पाठवा.

वस्तू न्यायला माणूस आला की त्याच्यासमोर मशीन, पॅडल, बॉबीन बॉक्समध्ये भरा आणि भरतानाचा व्हिडिओ काढा, नाहीतर उद्या तेच म्हणतील की पॅडल परत आलं नाही. त्याने दिलेली पावती किंवा फोनवर आलेला पिकअपचा मेसेज जपून ठेवा. विक्रेत्याकडून मधेच फोन येईल की आधी चांगला रिव्ह्यू द्या मग पैसे सोडतो, तर नाही म्हणा. पैसे खात्यात दिसले की मग तुमचा रिव्ह्यू लिहा, चादरीवरचा तो फोटो लावून, म्हणजे पाचवा फोटो बघून मशीन मागवायला निघालेल्या पुढच्या बाईला आत खरंच काय येतं ते दिसेल.